प्रयागबाईंचा बोर्ड

बारामतीत नोंदणी कार्यालयासमोर माझं टेबल आहे. भाडेकराराचे दस्त तयार करायचे, ऑनलाइन नोंदवायचे, लोकांचे अंगठे मशीनवर घ्यायचे, हा माझा धंदा. लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मला त्याचा राग येतो, कारण त्यानंतर ते फुकट सल्ला मागतात. प्रयागबाई मात्र पहिल्या दिवसापासून नागेशभाऊ म्हणाल्या आणि सल्ला मागायच्या ऐवजी अटी सांगायला लागल्या.

त्यांचा धंदा अंत्यविधीच्या साहित्याचा. बांबू, कळक, मडकं, पांढरं कापड, गुलाल, सवाष्णीसाठी हिरवी साडी, आणि वेगळ्या कपाटात कफनाचं कापडही. नवरा गेल्यावर इंदापुरातलं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. गिऱ्हाईक जाताना त्या कधी 'या' म्हणत नसत, घासाघीस कुणी करत नसे. मग तिथली इमारत मालकानं विकली. बारामतीत मोठा दवाखाना, म्हणून त्या इकडं आल्या. गाळा मिळता मिळेना. धंदा ऐकला की मालक चहासुद्धा विचारत नसत.

शेवटी काटेवाडीच्या यशराजनं होकार दिला. त्याचा दवाखान्याच्या मागच्या गल्लीत गाळा बरेच दिवस रिकामा होता, म्हणून. तीन वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स करायचा ठरलं आणि दोघं माझ्या टेबलावर आले.

"वापर पूजा साहित्य लिहा," यशराज मला म्हणाला. "मावशी, तुम्ही विका काय विकायचंय ते. आपलं काय म्हणणं न्हाय."

"न्हाय दादा," प्रयागबाई म्हणाल्या. "जे विकनार तेच लिव्हा. उद्या तुमाला गाळा काढून घ्यायचा झाला, तर म्हनाल, बाईनं करार मोडला. मग माझं डिपॉझिट बी गेलं."

मी मनात म्हटलं, बाई बरोबर बोलतेय. दस्तात एक आणि दुकानात दुसरं, हे चालतं तोवर चालतं. बिनसलं की मालकाच्या हातात तोच कागद असतो.

यशराजनं कपाळाला आठ्या घातल्या, पण मान हलवली. मी टाइप केलं, वापर: अंत्यविधी साहित्याची विक्री.

"आता डिपॉझिट," बाई म्हणाल्या. "बिनव्याजी हाय ते कबूल. गाळा सोडल्यावर महिन्याच्या आत परत. कापायचं ते फकस्त थकलेलं भाडं, लाइट बिल आन् मोडतोड. आन् नागेशभाऊ, वास्तुशांतीचा खरच कापायचा न्हाय, आसं बी लिव्हा."

यशराज हसला. मीही हसणार होतो, पण बाईंनी कारण सांगितलं. इंदापूरच्या मालकानं गाळा शुद्ध करायचा म्हणून भटजी, होम, जेवणावळ सगळं त्यांच्या डिपॉझिटमधून वजा केलं होतं. लाज कशी वाटली नाही त्या माणसाला? ते वाक्यही मी टाइप केलं. असं कलम मी आयुष्यात पहिल्यांदाच घातलं.

गाडी अडली ती बोर्डावर. यशराज म्हणाला, बोर्ड लावू नका. वरच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर आहे, नवऱ्या मुली सजायला येतात, अपशकुन होतो.

"कार्ड छापा की त्यापेक्षा," तो म्हणाला.

"माझं कार्ड कोन घरात ठेवंल, दादा?"



"बरं, शटरच्या आत लावा," तो म्हणाला.

"माझ्या धंद्याला येळ न्हाय. शटर बंद आसंल तवा मानूस येतंय. त्याला वर माझा नंबर दिसाया पायजे. बाहीरच लागंल. सा फूट बाय दोन फूट. लायटिंग नको, बांबू बी दारात ठेवत न्हाय. पन बोर्ड पायजे."

पाऊण तास ते चाललं. अखेर यशराजनं भाड्यात वाढ मागितली, बाईंनी ती दिली, आणि शटरच्या वर बाहेरच्या बाजूला सहा बाय दोनचा बोर्ड लावायची परवानगी दस्तात आली. दोघांचे अंगठे झाले, साक्षीदारांचे झाले. बाई उठताना म्हणाल्या, "आता माझं दुकान झालं." तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं.

महिनाभरात त्या पुन्हा आल्या. बोर्ड जागेवर होता, पण दिसत नव्हता. यशराजनं इमारतीच्या तोंडाला लोखंडी सांगाडा उभा केला होता आणि त्यावर त्याच्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढवला होता. वरच्या मजल्यापासून थेट शटरच्या कडेपर्यंत. प्रयागबाईंचा बोर्ड त्याच्या मागे गेला.

"करारात बोर्डाची परवानगी हाय ना?" यशराजनं त्यांना सुनावलं होतं. "मी काढला का तुमचा बोर्ड?"

बोर्डासमोर काय टांगू नये, हे कुठल्याच दस्तात नसतं. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला हात लावायची छाती गल्लीत कुणाचीही नव्हती. नगरपरिषदेकडे तक्रार हा एकच रस्ता होता. तिला फोटो जोडावा लागतो, म्हणून मी स्वतः त्या गल्लीत गेलो.

मी मोबाइल वर धरून फोटो काढला, तेवढ्यात सुप्याकडच्या वस्तीवरचे दत्तोबा नावाचे गृहस्थ दुकानात शिरले. पन्नाशीचे, डोकं भादरलेलं. दहाव्याचं सामान घ्यायला विचारत विचारत आले होते. आल्या आल्या त्यांनी बाईंवर आवाज चढवला.

"दुकान मांडून बसलाय आन् बोर्ड लावाया काय झालं? माझी बायको हितं दवाखान्यात गेली. तिन्हीसांजेला ह्या गल्लीतनं दोनदा गाडी फिरवली. लोक म्हनायचे हितंच हाय, पन शटरं सगळी बंद. सवाष्ण गेली ओ ती माझी. अंगावर हिरवी साडी न्हाय घालता आली. दवाखान्याच्या चादरीत न्हेली मी तिला."

 प्रयागबाई बाहेर आल्या आणि त्यांनी नुसतं वर बोट केलं. फ्लेक्सच्या मागं त्यांच्या बोर्डाचा एक कोपरा दिसत होता, नंबरचा शेवटचा आकडा तेवढा.

दत्तोबा पेटले. बांबू तासायचा कोयता दारातच पडला होता, तो त्यांनी उचलला. "कुनाच्या बापाचा हाय ह्यो फ्लेक्स? फाडतोच आता!" ते दोरीपाशी गेले, हात वर केला आणि तिथंच थांबले.

फ्लेक्सवर नेत्याचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळी, पासपोर्टएवढ्या फोटोंच्या. दुसऱ्या ओळीत, फेटा बांधून हात जोडून हसणारे, दत्तोबा होते. खाली नावही होतं.



"फोटू मागितला, म्या दिला," ते म्हणाले. "कुठं लावनार, कुनी इचारतंय का? पोरगं ह्याच नेत्याच्या गाडीवर ड्रायव्हर हाय." त्यांनी कोयता खाली ठेवला. दोरी कापली नाही. सामान घेतलं, पैसे दिले आणि मान खाली घालून गेले.

बाईंवर ओरडले तेव्हा मला दत्तोबांची चीड आली होती, ती आता उरली नव्हती.  मी मोबाइलवर काढलेला फोटो प्रयागबाईंना दाखवला. म्हटलं, "उद्याच तक्रार देतो."

त्यांनी फोटो निरखून पाहिला.

"द्या," त्या म्हणाल्या. "पन फ्लेक्सवरचा त्यांचा चेहरा दिसंल आसा नका देऊ, भाऊ. बायको गेलीय त्यांची."