आठव्या घरात गेलेला मंगळ

विवाह केंद्रात त्यांना सगळे चौकटकाकू म्हणत. लोक मोबाइलवर पत्रिकेचे फोटो पाठवायचे आणि काकू त्यावरून संगणकावर बारा घरांचा तक्ता टाइप करायच्या. फोटोही एकेक नमुना! कुणाचा अंगठा सातव्या घरावर, कुणाच्या कागदाची घडी नेमकी शनीवरून गेलेली, एकात तर ग्रहांपेक्षा शेजारच्या बशीतली बिस्किटं स्पष्ट. काकू फोटो मोठा करत, मान वाकडी करत, आणि प्रत्येक ग्रहाला त्याच्या घरी पोचवूनच उठत.

"पत्र शेजारी पडलं तर शेजारी आणून देतो," त्या म्हणायच्या, "ग्रह शेजारी पडला की कोण आणून देणार?"

तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. राहूपासून मोजलं की केतू सातव्या घरात सापडायलाच हवा. बुध रवीच्या घरात, नाहीतर अगदी लगतच्या. आईचा पदर न सोडणारं पोरगंच ते. हे जुळलं की काकू चष्मा कपाळावर ढकलत. याचा अर्थ, तक्ता पास.

त्या दिवशी सकाळीच एक मुलगी मूळ पत्रिका घेऊन आली. दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवायचं काम करणारी, बोलायला सरळ.

"काकू, मुलाकडून नकार आला. आठव्या घरात मंगळ आहे म्हणे. माझं ग्रहांवाचून काही अडत नाही, पण मुलगा मला पसंत आहे. आणि आमच्या कागदावर पहिल्या घरात गुरू आहे. तुमच्या तक्त्यात पहिलं घर रिकामं कसं?"

काकूंनी कागद पुढे ओढला. वरची मधली चौकट, म्हणजे पहिलं घर. त्यात गुरू होता आणि कोपऱ्यात आकडा सहा. काकूंनी संगणकावर आपला तक्ता उघडला. तिथं गुरू सहाव्या घरात होता.

पत्रिकेत घर ठरतं जागेवरून. वरच्या मधल्या चौकटीपासून डावीकडून फेरा धरायचा. आतला आकडा घराचा नसतोच, तो राशीचा. हे काकूंना झोपेतही ठाऊक होतं. पण गेल्या महिन्यात संचालकांनी चौकटींचा जुना तक्ता काढून 'घर एक ते बारा' अशी सरळ यादी आणली होती, आणि काकूंनी घाईत चौकटीतला आकडाच घराचा म्हणून चढवला होता. आठ आकड्याच्या चौकटीतला मंगळ बसला आठव्या घरात. खरं तर तो तिसऱ्यात होता, आणि तिथल्या मंगळाचा दोष कुणी धरत नाही.

"पण तपासलं होतं मी!" काकू पुटपुटल्या. मग त्यांचं त्यांनाच कळलं. सगळेच ग्रह मिळून पाच घरं सरकले होते. राहू-केतू समोरासमोरच, बुध रवीला चिकटलेलाच. गाडीत सगळे आपापल्या जागेवर, फक्त गाडीच भलत्या गावाला गेलेली.

संचालक आतून आले. "तांत्रिक अडचण आली होती, एवढंच कळवून टाका. केंद्राची अब्रू आहे."

"अडचण कसली, चूक आहे. आणि ती माझी आहे."

"फोन करा मग."

"फोनवर चौकट दिसत नाही, साहेब."

काकूंनी नव्यानं तक्ता केला. प्रत्येक ओळीत आधी घर, मग रास, मग ग्रह, आणि मध्ये उभी रेघ, म्हणजे कुणीच कुणाच्या घरात घुसायला नको. मग पिशवी उचलली आणि मूळ कागद घेऊन मुलीसकट मुलाच्या घरी थडकल्या.

दार मुलाच्या मावशीनं उघडलं. नकार तिनंच कळवला होता.

"आमचं ठरलंय हो," ती दारातच म्हणाली.

"ठरवा की. पण माझ्या चुकीवर ठरवू नका. बोट ठेवा इथं. हे पहिलं घर. आता डावीकडून मोजा."

मावशीनं नाइलाजानं बोट ठेवलं. तिसऱ्या घरात मंगळ भेटला, तिथं बोट थबकलं. पुढे सात, आठ. उजवीकडचा खालचा त्रिकोण. कोरा.

"पुन्हा मोजते," मावशी म्हणाली. दोनदा मोजलं. घर काही भरेना.

"तक्त्यात आठवं म्हटलं होतं..."

"मीच म्हटलं होतं. चुकले मी."

मावशीनं मुलीकडे पाहिलं. "तू पण आलीस होय?"

"माझंच लग्न आहे, मावशी."

मावशीला हसू दाबता आलं नाही. "बसा. त्याच्या आईला हाक मारते, नकार मागे घेतोय म्हणून सांगते." आणि आत जाता जाता ती वळली. "का हो, आमच्या मुलाचा तक्ताही तुम्हीच केला होता ना?"

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"आणा तोही. आणि त्या महिन्यात मी केलेले आणखी तीस आहेत. आजपासून तेवढ्यांच्या दारात बसायचंय मला."