कागदावर नसलेली कानपिळी

एकतीस वर्षं कचेरीत साहेबांची इंग्रजी पत्रं आत्यानेच लिहिली. सही साहेबांची, भाषा हिची. निवृत्तीनंतरही घरचे तिला ‘हेडऑफिस’ म्हणत. त्यामुळे धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांसाठीचा इंग्रजी कागद आपसूक तिच्याकडे आला.

पत्रिका तासाभरात उरकली. ‘आमचे येथे’, ‘चि. सौ. कां.’ असलं सगळं तिने सरळ गाळलं. कोणाचं लग्न, कोणाशी, कधी, कुठे, एवढं ठेवलं. मुहूर्त अकरा सदतीसचा, म्हणून शेजारी लिहिलं: अकराला जागेवर बसावे. कार्यक्रमात मात्र गाडी अडली. अंतरपाटावरच तिच्या अकरा ओळी झाल्या.

“आत्या, लग्न आहे, परीक्षा नाही,” नवरी हसली. “एका विधीला एक ओळ.”

मग जमलं. ‘दोघांमध्ये कापड धरतात, मंगलाष्टकं संपली की ते दूर होतं आणि हार घातले जातात.’ ‘अग्नीसमोर सात पावलं, सात वचनं.’ या दोन्हींमधली एक ओळही तिने लिहिली होती: नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि भेट घेतो. ती तिने परदेशी सुनेच्या, थोरल्या भावाच्या सुनेच्या, डोळ्यांनी वाचली. पोरखेळ वाटला. लोक काय म्हणतील? तिने ओळ खोडली आणि लिहिलं: हारांनंतर जेवण सुरू, उरलेले विधी घरच्यांपुरते.

नवरीला सख्खा भाऊ नव्हता. कान पिळायचा होता तो थोरल्याच्या मुलाने. तिकडेच वाढलेला तो मराठी बोलायचा, पण त्याला वाचता येत नसे. नेमकं काय करायचं ते त्याला कोणी वेगळं सांगितलं नाही. हेडऑफिसने कागद पाठवलाय म्हटल्यावर कोण कशाला सांगेल!

“मुलीचा भाऊ कुठाय?” गुरुजींनी दोनदा विचारलं.

भाऊ कागदात लिहिल्याप्रमाणे बायकोला घेऊन खालच्या मजल्यावर जेवणाच्या रांगेत होता. फोन खिशात, आवाज बंद. शेवटी मामेभावाला ढकललं. त्याने असा कान पिळला की नवरा ओरडला, मांडव हसला. आत्या हसली नाही.

हात पुसत थोरल्याचा मुलगा वर आला तेव्हा सात पावलंही होऊन गेली होती.

“अगं आत्या, मला बोलावलं का नाही? बाबा विमानतळावर म्हणाले होते, तुझं काहीतरी काम आहे, आत्याच्या कागदात असेल. मी तीनदा वाचला.”

“जागा नव्हती रे,” आत्या म्हणाली.

त्याने शेरवानीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, गुडघ्यावर सरळ केला. शेवटच्या ओळीखाली चांगली चार बोटं कोरी जागा होती. बायकोने विचारलं काय झालं, तर तिला इंग्रजीत म्हणाला, काही नाही, आपलं काही काम नव्हतं.

तेवढं भाषांतर आत्याला कोणी करून द्यावं लागलं नाही.