छातीवरची चांदणी

गाड्या रंगवणाऱ्या त्या माणसाला गॅरेजमध्ये सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याने रंगवलेल्या दारात बघून दाढी करावी, इतका साफ हात. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, “आरसा फवारणार असेल तर दोन दिवस थांबा, दुसरा कोणी असेल तर आत्ताच घेऊन जा!” आरसा वर तोंड करून हसायचा. स्तुती त्याला आवडायची, आणि आवडते हे तो लपवतही नसे.

गेलं वर्षभर मात्र त्याला खोकला लागला होता. गंमत अशी की गॅरेजमध्ये तो ठणठणीत असे आणि घरी जेवून आडवा झाला की छाती शिट्टी वाजवू लागे. घरी खोकला येतो म्हणजे खोट घरातच, हे त्याचं गणित. आधी उशा बदलल्या. मग गालिचा गेला. शेवटी संशय मांजरावर आला. बायकोने ते पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. तिने मुकाट्याने त्याला टोपलीत घातलं आणि बहिणीकडे पोचवलं. दोन दिवस ती नवऱ्याशी धड बोलली नाही. खोकला मात्र तसाच राहिला.

रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायच्या हार्डनरच्या डब्यावर एक चिन्ह होतं: लाल चौकट, टोकावर उभी केलेली, आत माणसाची काळी आकृती आणि तिच्या छातीवर फुटलेली पांढरी चांदणी. त्याचा अर्थ गॅरेजात कोणालाही विचारा, आरसाचाच अर्थ ऐकायला मिळे: ज्याचं हृदय कमजोर, त्याने लांब राहावं. आरसाने मध्यंतरी हृदयाची तपासणी करून घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, “घोड्यासारखं आहे.” तेव्हापासून डबा उघडताना तो चांदणीवर टिचकी मारायचा. “आपल्याला काय धाड भरलीय?” म्हणायचा आणि धुळीसाठी असतो तो साधा मास्क चढवून फवाऱ्याच्या खोलीत शिरायचा.

एके दुपारी बायको घराची किल्ली घ्यायला गॅरेजात आली. ती नुकतीच एका रसायनांच्या गोदामात माल लावायच्या कामाला लागली होती. किल्ली हातात घेताना तिची नजर डब्यावर गेली.

“हे तुम्ही वापरता?”

“रोज. चांदणीवाला. हृदयवाल्यांसाठी आहे ते, आपलं दणकट आहे.”

“हृदयाचं कोणी सांगितलं? आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. हे चिन्ह म्हणजे आतून शरीर पोखरणारा माल. कुठला कर्करोगाचा, कुठला अवयव बिघडवणारा, कुठला दमा लावणारा. नेमकं काय ते खाली लिहिलेलं असतं.” तिने डबा फिरवला आणि बारीक अक्षरावर बोट ठेवून वाचलं, “‘श्वासावाटे घेतल्यास ॲलर्जी, दम्याची लक्षणे किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो.’”

“पण मी इथे कुठे खोकतो?”

“सुट्टीला मांजर घेऊन गावी गेलो होतो, तिथे तरी कुठे खोकत होता?”

आरसाने डबा ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. बायको थांबली नाही. “चोर सोडून माझ्या मांजराला फाशी दिलीत तुम्ही!” म्हणाली, आणि तिथेच सगळ्यांसमोर रडली.

डॉक्टरांनी एक नळी दिली. रोज त्यात फुंकायचं आणि काटा कुठवर जातो ते बघायचं. कामाच्या दिवसांत काटा घसरे, सुट्टीत पुन्हा चढे. वाफ दुपारी छातीत गेली तरी त्रास कित्येक तासांनी उठू शकतो, हेही त्यांनी समजावलं. आरसाने विचारलं, “चांगला मास्क लावला तर?”

“आधी लावला असता तर उपयोग झाला असता. आता तुमच्या शरीराने त्या रसायनाशी वैर धरलंय. थोडासा वास गेला तरी दम्याचा अटॅक येऊ शकतो. फवारणी बंद.”

आरसाला कोणी आपले हातच काढून घेतल्यासारखं झालं. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी नको होतं. मालकाने त्याला रस्त्यापलीकडच्या दुकानात बसवलं, गिऱ्हाइकांना पत्र्याच्या नमुन्यांवरून रंग निवडून द्यायला. आता फवाऱ्याची खोली बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय उघडत नाही. नवा रंगारी आत जाण्याआधी रस्त्यापलीकडून ओरडतो, “आरसाभाऊ, लावला हो!”

मांजर परत आलं. पहिल्या रात्री ते सरळ आरसाच्या छातीवर चढून बसलं. बायको अंधारात कान देऊन होती. शिट्टी नाही, खोकला नाही.

“झोपलात का?”

“नाही.” तो म्हणाला, “आज एक निळी गाडी गेली, नव्या रंगाऱ्याने रंगवलेली. दारावर रंग ओघळलेला होता. कोणालाच दिसला नाही.”

तिने हात पुढे केला. मांजर दोघांच्या मध्ये आलं.