बब्रुवानाच्या पोटावरच्या रेघा

मुरूमच्या बाजारात मल्लिनाथ फोटो काढीत आणि त्यांच्या पत्नी शांतम्मा त्या फोटोंतले दोष काढीत. मल्लिनाथांनी फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, धुऊन वाळवली, की शांतम्मा ती मागच्या खोलीत उजेडाशी धरून बसत आणि टोकदार पेन्सिलीने व्यापाऱ्यांच्या गालांवरचे देवीचे व्रण बुजवीत. उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पांढरे अशी ती उलटी माणसे पाहून पाहून त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की समोरच्या माणसापेक्षा काचेवरचा माणूस त्यांना अधिक खरा वाटे.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षे. सोलापूरच्या एका व्यायामशाळेला शिक्षक हवा होता. अर्जासोबत उघड्या अंगाचा फोटो पाठवायचा होता. त्यात स्नायू स्पष्ट दिसावेत आणि काचेवर पेन्सिल फिरवलेली नसावी, अशी अट होती. आडतीवर पोती वाहणाऱ्या बब्रुवान पैलवानाला ती जागा हवी होती. ती हुकली, तर जन्मभर पाठीवर पोतेच राहणार होते. मुदतीला पाच दिवस उरले होते.

तालमीचे धोंडीबा वस्ताद स्वतः त्याला घेऊन आले. त्यांनी दोन दिवस त्याला निजवून ठेवले होते, सकाळी तीन शेर दूध पाजले होते आणि कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती अंगभर चोळली होती. खिडकीकडे तोंड करून, छाती फुगवून बब्रुवान खांबासारखा उभा राहिला. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी पडद्याआडून शांतम्मांचे हसू ऐकू आले.

"अहो, कागदावर ह्ये पैलवान उमटंल का काळं घोंगडं?"

वस्ताद उखडले. "बाईमाणसानं पैलवानाचं अंग बघायचं व्हय?"

"अंग कुठं बघतेय, वस्ताद? काच बघतेय. आमच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालतो. का? काचेला लाल दिसतच न्हाय. तुमची माती लाल, म्हणून तिला समदा काळोख!"

"हौद्याची माती हाय ती! आशीर्वाद हाय!"

"मग तो धुतल्यावर बी राहील की," मल्लिनाथ हळूच म्हणाले.

शांतम्मांनी काच पुन्हा उजेडाला धरली. "आन् पोटात दूध, वर दम धरलेला. रेघा दिसतील कुठनं? उजेड बी समोरून. नांगरट बघायची तर सकाळी बघावी, वस्ताद. माथ्यावर ऊन आलं की रान सपाट दिसतं."

तिसऱ्या दिवशी बब्रुवान माती धुऊन, पातळ तेल लावून, उपाशीपोटी आला. उजेड एका बाजूने पडावा म्हणून त्याला खिडकीशी आडवे उभे करून तिचे एक दार लोटले. मल्लिनाथ म्हणाले, "आता जोर काढा." रक्त चढले, की दंड-छाती भरून येतात, मात्र काही मिनिटांतच ती भर ओसरते. वस्तादांना हे इतके पटले, की त्यांनी दोनशे जोर काढायला लावले. काच अर्धा सेकंद उघडी राहणार आणि बब्रुवान थरथरतोय! फोटोत त्याला चार दंड आले.

"मारुतीपेक्षा रावणाच्या अंगावर गेलाय," शांतम्मा म्हणाल्या. वस्तादांना हसू आवरेना.

चौथ्या दिवशी चाळीसच जोर. मग एका पायावर भार, कंबर किंचित वळलेली, श्वास सोडलेला.

संध्याकाळी शांतम्मांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. पहिल्यात पोट पाटासारखे, दुसऱ्यात धुके, तिसऱ्यात छातीखाली फासळ्यांवर बोटे उमटल्यासारख्या रेघा.

वस्ताद कुजबुजले, "अक्का, दंडावर जराशी पेन्सिल..."

"अजाबात न्हाय. तीन दिसांत मांस वाढलं न्हाय, वस्ताद. होतं तेच दिसाया लागलं."

फोटो गेला आणि आठवड्यात बोलावणे आले. शेंगांच्या पोत्यांवर बसून, लॉरीत धक्के खात बब्रुवान भर दुपारी सोलापूरला पोचला. व्यायामशाळेच्या अंगणात ऊन माथ्यावर होते आणि चुना दिलेल्या भिंतींवरून चहूकडून सारखा उजेड येत होता. त्याने सदरा उतरवला. चिटणीसांनी एकदा फोटो पाहिला, एकदा त्याचे सपाट दिसणारे पोट पाहिले.

"हा तुमचा धाकटा भाऊ का?"

बब्रुवानाने माथ्यावरच्या उन्हाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "साहेब, आत दाराशी चला. आन् पाच मिनटं द्या."

त्याने चाळीस जोर काढले, दार अर्धे लोटले, कंबर वळवली, श्वास सोडला. पाटीवर अक्षरे उमटावीत तशा रेघा उमटल्या. निवडीला बसलेली पंचमंडळी आ वासून पाहत राहिली.

"पुन्हा बाहेर या बरं," चिटणीस म्हणाले. अंगणात रेघा पुसट झाल्या. आत आला, परत उमटल्या. तीनदा आत-बाहेर झाल्यावर एका पंचाने गुपचूप सदरा काढला आणि दाराशी उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. शेवटी ढेरपोटे चिटणीसही रांगेला लागले.

"श्वास सोडा, साहेब! छाती नगा फुगवू. पाय तिरपा. अजून तिरपा!"

"दिसतंय का काही?"

"आज जरा मेहनत पडंल," बब्रुवान म्हणाला.

पोट आत ओढून, लालबुंद चेहऱ्याने चिटणीसांनी कसेबसे विचारले, "रुजू कधी होता?"