उजवीकडचा रकाना

कुरेबायाशी शिनोबुच्या गळ्यात हे काम नेमकं कधी पडलं, ते संघात आता कोणालाच सांगता येणार नाही. अकरा वर्षांपूर्वी ती 'सुइसेन' या गृहिणींच्या व्हॉलीबॉल संघात आली, ती चार घटका घाम गाळायला. पहिल्याच हंगामात तिने सामन्यांचा तक्ता वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढला, एवढाच काय तो तिचा गुन्हा. ज्याला येतं त्यानेच मरावं, हा जगाचा न्याय. पुढे वही गेली, फोन आला, आणि सतरा बायकांचं सामायिक कॅलेंडर तिच्या डोक्यावर बसलं. पंचांची परीक्षा द्यायला कॅप्टनखेरीज कोणी तयार होईना, तेव्हा तीही हिनेच दिली.

शिनोबु सत्तेचाळीस वर्षांची. शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात ती बारा वर्षं गाजरं चिरते, पिंपं घासते, तांदळाची पोती उचलते. मोठ्या कढईपाशी उभं राहायला आचाऱ्याचा परवाना लागतो. तो तिच्याकडे नाही, म्हणून तिच्या नावापुढे अजून 'मदतनीस'. परवान्याची परीक्षा वर्षातून एकदाच, आणि तीन वर्षं ती नेमकी सामन्याच्या दिवशी आली. तीनही वेळा शिनोबु सामन्याला गेली. घरी नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, पुढच्या वर्षी.

यंदाची तारीख होती अठरा ऑक्टोबर, शनिवार.

मेच्या अखेरीस कॅप्टन ओगिनोबाईंनी शरद हंगामाच्या तक्त्याचा फोटो गटावर टाकला. क्रीडागृहाच्या फलकावरचा कागद, तिरका काढलेला, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा डाग. खाली एक ओळ : "शिनोबु-चान, नेहमीप्रमाणे!"

तिने फोटो फोनमधल्या मदतनीस-ॲपला दिला. तो तक्ता वाचतो आणि नोंदी तयार करून देतो. काम झटपट होतं, पण डोळे मिटून विश्वास टाकावा असं नाही. मथळ्यात रेइवा सात असं बादशाही वर्ष होतं, म्हणजे आताच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं सातवं. गड्याने ते दोन हजार सात धरलं आणि सगळे सामने अठरा वर्षं मागे नेऊन ठेवले. शिनोबुला ते वारावरून कळलं : कागदावर शनिवार, नोंदीत गुरुवार. तिने साल दोन हजार पंचवीस केलं, वार जागेवर आले. तारीख प्रत्येक दिवसाच्या फक्त पहिल्या ओळीत होती, खालच्या ओळींना तीच लागू. तेही समजावून सांगावं लागलं. क्रीडागृहांची नावं एकेका अक्षरात, 'उ' म्हणजे उत्तर, 'म' म्हणजे मध्य. तिथे तिने पूर्ण पत्ते भरले. वेळ फक्त पहिल्या सामन्याची छापलेली, बाकीचे 'लगोलग'. त्यांना तिने अंदाजाने सव्वा-सव्वा तास धरला आणि नावातच 'अंदाजे' लिहिलं. जमायची वेळ सगळीकडे अर्धा तास आधी.

अठरा ऑक्टोबरला सुइसेनचा सामना नव्हता. शिनोबुने ती रिकामी चौकट बराच वेळ पाहिली.

नोंदींच्या खाली मदतनिसाने एक सूचना दिली होती : "उजव्या कडेला आणखी एक रकाना आहे, तो फोटोत कापला गेला आहे. पूर्ण फोटो मिळेल का?"

तो रकाना कसला, हे तिला विचारायला नको होतं. पंचांची पाळी. ज्या दिवशी आपला सामना नाही, अशा एका दिवशी दुसऱ्यांच्या सामन्यांना पंच द्यायचे, हंगामातून एकदा. न दिले तर पुढचा सामना हरला असं धरतात. मुख्य पंचाकडे पंचाचा परवाना हवाच. सुइसेनमध्ये तो दोघींकडे होता, कॅप्टनकडे आणि हिच्याकडे.

तिने ती सूचना दोनदा वाचली आणि बंद केली. कॅप्टनला पुन्हा फोटो काढायला कुठे लावायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला कळून घ्यायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने परीक्षेचा अर्ज भरला.

पुढचे तीन महिने ती अभ्यास करत राहिली. ऑगस्टमध्ये कॅप्टनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सप्टेंबरात एकदा सराव संपल्यावर शिनोबुचे पाय आपोआप फलकाकडे वळले. मूळ कागद तिथेच होता. तिने बोट ठेवून ओळ धरली : अठरा ऑक्टोबर, उत्तर क्रीडागृह, नऊ ते दोन, मुख्य पंच सुइसेन.

गप्प बसावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण सतरा जणींचा सामना बुडवण्याइतकी ती निगरगट्ट नव्हती. तिथूनच तिने कॅप्टनला फोन लावला आणि पाळीचं सगळं सांगितलं, सूचना वाचूनही बंद केल्याचंसुद्धा.

"अगं, वेळेत सापडलं ना? मग झालं तर!" ओगिनोबाई हसल्या. "माझा गुडघा असा. पंचाच्या शिडीच्या खुर्चीवर मी कशी चढू? तू आहेस म्हणून बरं."

"पण त्या दिवशी माझी परीक्षा आहे, कॅप्टन."

"कसली?"

"आचाऱ्याची. आपण मिनातो संघाशी पाळी बदलून घेऊ या का? तुम्ही एक फोन केलात तर..."

"मिनातोपुढे मान खाली घालू? इतक्या वर्षांत कोणाला विनंती केली नाही आपण. आणि परीक्षा काय, दरवर्षी येते गं. तुझ्या हातचं तर आम्ही असंच आवडीने खातो!"

कौतुकाच्या दोरीने बांधलेल्याला सुटायला गाठसुद्धा सापडत नाही. शिनोबु म्हणाली, "हो, कॅप्टन."

घरी येऊन तिने पंचांच्या पाळीची नोंद सामायिक कॅलेंडरात टाकली. मुख्य पंचाच्या नावाची जागा मोकळी सोडली. मग आणखी एक नोंद टाकली : 'कुरेबायाशी, आचारी परीक्षा', प्रवासासकट सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अकरा वर्षांत तिने तिथे स्वतःचं काही लिहिलं नव्हतं. तोंडाने जमलं नाही, ते निदान सगळ्यांना दिसेल, असं तिला वाटलं. पाहून कोणीतरी म्हणेल, तू जा, आम्ही बघतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हामागुचि चिएमीचा गटावर निरोप आला. संघातली सगळ्यांत गोड स्वभावाची बाई ती.

"शिनोबु-सान, अठराला एकाच वेळी दोन नोंदी पडल्या होत्या! तुमच्या घरचं चुकून आमच्यात आलं वाटतं. मी ते काढून टाकलं, आणि पंचाच्या जागी तुमचं नाव घातलं. तुम्ही किती करता हो आमच्यासाठी!"

खाली बाकीच्यांची फुलं, नमस्कार, हसरे चेहरे. एक, दोन, नऊ.

शिनोबुने कॅलेंडर उघडलं. परीक्षा नव्हती. तिथे पाळी होती आणि तिचं नाव, स्वच्छ, नेटकं, एकही चूक नसलेलं.

तिने सवयीने 'आभारी आहे' लिहिलं. मग एकेक अक्षर पुसलं. पाळीच्या नोंदीतून स्वतःचं नाव काढलं, कचरापेटीतून परीक्षा परत आणली आणि गटावर लिहिलं : "ते चुकून आलं नव्हतं. अठराला मी परीक्षेला जाणार आहे."

वाचल्याच्या खुणा वाढत गेल्या. सोळा. फुलं थांबली. पिंपं घासायची वेळ झाली, तरी ती फोन धरून उभी राहिली.

अखेर कॅप्टनचं एकच वाक्य आलं : "मग पंच कोण?"

शिनोबुने लिहिलं : "मला माहीत नाही." आणि पाठवल्यावर तिला इतकी भीती वाटली, की हातातला फोन तिने उपडा करून ठेवला.