वक्र गेला परळीला

लग्नानंतर गेवराईहून रोज बीडला कॉलेजात जाणं जमेना. अर्थशास्त्राचा पेपर एकदा राहिलाच होता. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "औंदा निघाला तर शिक, न्हाई तर बास झालं कॉलेज." म्हणजे सगळं त्या एका पेपरावर आलं.

मैत्रीण मोबाईलवर सरांचे तास रेकॉर्ड करून मलाही पाठवायची. ॲपमधून त्याचा मजकूर निघायचा. ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम, नुसतं दळण. त्यातलं फालतू काढून तिनं चार पानांच्या नोट्स केल्या आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या. मी त्या घोकघोक घोकल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भाकरी थापताना म्हटलं, मूळ तासच ऐकावा, डोक्यात पक्कं बसेल. सर म्हणत होते, "किंमत वाढली का मागणीवक्र सरकला डावीकडं! सरकला, सरकला, गेला परळीला!" आणि अख्खा वर्ग हसला.

माझा हात परातीतच थांबला. आमच्या सरांची खोडच ती. आधी पोरं पेपरात काय चुकीचं लिहितात त्याची नक्कल करायची, मग खरं सांगायचं. पुढं ते सांगतही होते, "किंमत बदलली तर वक्र हलत न्हाई बे, त्याच वक्रावर आपण वर जातो. मागणीचा संकोच म्हणायचं त्याला. उत्पन्न, आवडनिवड बदलली, तरच वक्र सरकतो." नोट्समध्ये मात्र ठळक अक्षरांत होतं: किंमत वाढली की वक्र डावीकडे सरकतो.

मी मैत्रिणीला फोन लावला. "अगं बाई, ती सरांची नक्कल होती!"

"मजकुरात वर्गाचं हसू कुठं दिसतंय? परळीचं फालतू वाटलं म्हणून काढलं."

"आणि खरं काहून काढलं?"

"उलटसुलट वाटलं. दोन्ही कशाला ठेवायचं? मला तर पहिलंच खरं वाटतंय."

कपाळ माझं! जे काढायचं ते ठेवलं आणि जे ठेवायचं ते काढलं. भाकरी करपली, सासूबाईंची बोलणी बसली ती वेगळीच. तरी तासन् तास ऐकून एकेक ओळ पडताळली. अशा आणखी चुका सापडल्या. सगळ्या दुरुस्त्या ग्रुपवर टाकल्या. एकानं लिहिलं, "लई मोठं हाय, थोडक्यात टाक." असा संताप आला, की फोन पिठाच्या डब्यावर आपटला.

पेपरात तोच प्रश्न आला, आकृतीसह. मी एकच वक्र काढला. शेजारच्या बाकावर मैत्रीण पट्टी लावून दुसरा वक्र काढत होती, डावीकडं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पर्यवेक्षक समोर उभे.

निकाल लागला. माझा पेपर निघाला. सासूबाई म्हणाल्या, "जा मग, शिक." मैत्रिणीचा पेपर राहिला. तिचा फोन आला तेव्हा वाटलं, आता भांडेल.

"तुझ्या दुरुस्त्या आज वाचल्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग माझ्याच्यानं रागावणंही होईना.