काकूंच्या वाट्याचे प्रश्न

एम. ए.च्या वर्गात शिवकांताबाईंना सगळे काकू म्हणायचे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता आणि नेमकं तेच त्यांना लागायचं. बारावी झाली तसं लग्न, मग निलंग्यात संसार. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर मुलीला वाढवलं. मुलगी नर्सिंगला नांदेडला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा बाईंनी मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं आणि चाळिशी उलटल्यावर लातूरच्या कॉलेजात समाजशास्त्राला येऊन बसल्या. पहिल्या दिवशी त्या दारातून आत आल्या तर पोरं ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. तेव्हापासून बाई कोपऱ्यातल्या बाकावर बसू लागल्या.

डिसेंबरात बिरादार सरांनी सेमिनारचे गट पाडले. बाईंच्या गटात जळकोटची ऋतुजा आणि लातूरचाच हारिस. विषय होता परस्परता, म्हणजे माणसामाणसांतली देवाणघेवाण. आणि उदाहरण आपल्याकडची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी-आंबिलीचं जेवण होतं, आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाक मारून पंगतीला बसवतंच.

कॅन्टीनमध्ये चहा यायच्या आत वाटणी उरकली.

"थिअरी माझी," ऋतुजा म्हणाली. वर्गात पहिली येणारी पोरगी. तिला अडवणार कोण?

"पुरावा मी बघतो. मुलाखती तर घेऊनच राहिलो मी," हारिस म्हणाला.

"मग चर्चेचे प्रश्न काकूंना," ऋतुजा म्हणाली. "लई सोपं हाय, काकू. शेवटी दोन-तीन प्रश्न वाचायचे. कुणी बोलत तर न्हाईच. टाळ्या वाजल्या की झालं!"

बाई हसून "हाव" म्हणाल्या. पण निलंग्याच्या एसटीत बसल्यावर त्यांचं मन कडू झालं. लग्नात पाहुण्या बाईला पानं पुसायला बसवावं तसं आपल्याला बसवलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. यंदा आपल्या वाट्याला टाळ्यांआधीचा रिकामा वेळच आला, तर पुढच्या सत्राला यायचं नाही. मशीन काय, घरी आहेच.

तरी काम चोख करायचं हा स्वभाव. त्यांनी प्रश्न काढले आणि सरांना दाखवले. 'परस्परतेची व्याख्या सांगून तिचे प्रकार स्पष्ट करा.' 'येळवस सणाचे सामाजिक महत्त्व विशद करा.' आयुष्यभर ज्यानं प्रश्नपत्रिकाच पाहिल्या, त्याला दुसरे कुठले प्रश्न सुचणार?

सर हसले नाहीत. "शिवकांताबाई, हा तर पेपर झाला. याची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत. ज्याचं उत्तर तुम्हालाच ठाऊक नाही, ते विचारा. आणि असला प्रश्न एकट्यानं बसून मिळत नाही. सिद्धांत आणि पुरावा जिथं एकमेकांशी जुळत नाहीत, तिथं शोधा."

म्हणजे आधी त्या दोघांचं काम बघायला हवं! वाटणी झाल्यापासून तिघांनी एकमेकांचं काही पाहिलंच नव्हतं. तीन जण तीन गावांना निघाल्यासारखे कामाला लागले होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना लायब्ररीत धरून बसवलं.

ऋतुजानं सिद्धांत सांगितला. माणसाला तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, कुणी दिलं तर घ्यावं लागतं, आणि घेतलं तर परत करावं लागतं. या तिहेरी दोऱ्यानं समाज शिवलेला असतो. हारिसच्या मुलाखती त्यात अगदी चपखल बसत होत्या. येळवसला शेतात जेवणारी मुसलमान घरं ईदला शीरखुर्मा पाठवतात. शेत नसलेला कारागीर सुगीला अवजार फुकट नीट करून देतो.

"आन् ही दोन पानं बाजूला का ठेवलास रे?" बाईंनी विचारलं.

"ती बसत न्हाईत, काकू. म्हणून काढली."

बाईंनी ती वाचली. हारिसनं नावं बदलून लिहिली होती. एक धोंडाबाई: 'परत द्यायला माझ्याजवळ काही नाही, म्हणून शेतात जाणं सोडलं.' दुसरे निजामोद्दीन: 'दरसाल जातो, पोटभर जेवतो, काही नेत नाही आणि मला त्याची लाज वाटत नाही.' दोघांचेही हात रिकामे. एक जातो, एक जात नाही.

नवरा गेल्यापासून दिरा-जावेच्या शेतात त्याही येळवसला गेल्या नव्हत्या. जाऊ बोलवायची, आणि त्या दरसाल काहीतरी निमित्त काढायच्या.

"ऋतुजा, तुझी थिअरी याला काय म्हणती गं?"

ऋतुजानं ती दोन पानं पुन्हा वाचली. "हे मला सांगता येत न्हाई, काकू," ती म्हणाली. आणि त्या हुशार पोरीचं मोठेपण असं की त्याच बैठकीत तिनं आपला सिद्धांत कापून निम्मा केला. हारिसनं ती दोन पानं पुराव्याच्या शेवटी घेतली. मुलाखती थोड्याच आहेत, यावरून सगळ्या मराठवाड्याबद्दल बोलता येणार नाही, हेही त्यानं लिहिलं. प्रश्न आता शेपटासारखा मागं राहिला नव्हता. सगळं चाललं होतं त्याच्याचकडे.

सेमिनारच्या दिवशी दोघं छान बोलले. मग बाई उठल्या. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

"धोंडाबाई जात न्हाई, निजामोद्दीन जातेत. हात दोघांचे बी रिकामे. मग ज्याच्याजवळ परत द्यायला काही न्हाई, त्यानं घ्यावं का न्हाई? मला याचं उत्तर ठाऊक न्हाई, म्हणून तुम्हाला विचारायले."

पुढच्या बाकांवर वह्या मिटायला लागल्या. झालं, बाईंना वाटलं, आता टाळ्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा वैजनाथ उठला. मुखेडकडचा पोरगा. वर्षभरात हजेरीच्या "यस सर"पलीकडे त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"आमच्या शेतात एक काकी यायची," तो म्हणाला. "नवरा वारला आन् यायची बंद झाली. आई दर येळवसला तिच्या वाट्याची भज्जी काढून ठेवती आन् संध्याकाळी रडती. म्हणती, माझं काय चुकलं? घेणाऱ्याची लाज सगळ्यांना दिसती. देणाऱ्याचं कोण घेतच न्हाई, तर त्यानं कुठं जावं?"

ऋतुजा जागेवरूनच बोलून गेली, "दुसरं बंधन! घ्यावं लागतं! ते तर मी एका ओळीत उरकलं!"

मग बांध फुटला. वर्गातली वर्षाराणी म्हणाली, फुकट जेवणाऱ्याला पाठीमागं नावं ठेवतात ते आधी बोला. कुणी म्हणालं, पंगतीला माणूस बसला हीच परतफेड. एकमेकांना तोडत, हात वर करायचं विसरून, वर्षभर मुकी असलेली पोरं बोलत होती, आणि सर खिडकीशी टेकून नुसते ऐकत होते. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. आपण चार वाक्यं बोललो आणि एवढी माणसं उघडली? देवळात गेल्यावरसुद्धा त्यांच्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. एका प्रश्नात एवढी ताकद असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून पटलंही नसतं.

तास संपत आला तसे सर म्हणाले, "शिवकांताबाई, समारोप करा. निष्कर्ष काय?"

बाईंनी एकदा वैजनाथकडे बघितलं.

"निष्कर्ष काढायला जमंना, सर," त्या म्हणाल्या. "पर मी यंदा जावेच्या शेतात जेवायला जाणार हाय. रिकाम्या हातानं."